मागण्याआधी एक पेला

गेल्या वर्षी माझ्या वडिलांची बदली चंदीगडला झाली आणि आमचं घर खरडला आलं. खरड म्हणजे चंदीगडहून निघालं की लुधियाना आणि रोपडचे रस्ते जिथे फुटतात ते गाव. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे गेलो तेव्हा वरच्या मजल्यावर एक मुलगा राहतो असं आईने सांगितलं. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. एनडीएची लेखी परीक्षा दुसऱ्यांदा पास झालेला, आणि पहिल्या वेळी एसएसबीच्या पहिल्याच दिवशी बाहेर पडलेला. मी त्याला वीरजी म्हणायचो.

आपल्यातल्या बहुतेकांना तिथेच जायचं आहे. त्यामुळे जिन्यात भेट झाल्याबरोबर मी विचारलं, "वीरजी, तुम्ही का बाहेर पडलात?" तो म्हणाला, "बघू नंतर," आणि वर निघून गेला. मला राग आला. आईने मात्र मलाच झापलं. म्हणाली, "ओळख नाही पाळख नाही, आणि त्याच्या दुखत्या जागेवर बोट ठेवलंस. तू त्याच्यासाठी काय केलंस अजून?"

मग मी काहीतरी द्यायचं ठरवलं आणि तिथेही चुकलो. मोबाईलवर जमवलेल्या तीन पीडीएफ त्याला पाठवल्या. मिळून सहाशेच्या वर पानं होती. उत्तरात फक्त एक अंगठा आला. नंतर कळलं, त्याने त्या उघडल्याच नव्हत्या. नुसता अंगठा आला आणि पुढे एकही प्रश्न आला नाही, तर आपण दिलेली वस्तू त्याच्या कामाची नव्हती असं समजावं.

जूनमध्ये रस्त्याच्या कडेला छबील लागली. गुरू अर्जनदेवांच्या शहीदी दिनाच्या सुमारास पंजाबात लोक येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून थंडगार गोड दूध-पाणी देतात. नाव-गाव कोणी विचारत नाही. मी पेला रिकामा करताना पाहिलं, ते प्रत्येकाला एकच पेला देतात, अख्खी बादली हातात देत नाहीत. तहान आत्ता आहे, म्हणून आत्ता एक पेला. माझ्या सहाशे पानांचं काय चुकलं ते तिथे समजलं.

म्हणून मी आधी वीरजीला काय लागतंय ते बघितलं. तो गच्चीवर एकटाच पीपीडीटीचा सराव करायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या दिवशी एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात. त्यातली माणसं किती, त्यांचं वय काय, मनःस्थिती कशी हे नोंदवून सुमारे ४ मिनिटांत गोष्ट लिहायची. मग गटात प्रत्येकाने ती साधारण मिनिटभरात सांगायची आणि सगळ्यांनी चर्चा करून एक सामाईक गोष्ट ठरवायची. वीरजी मोबाईलवरची तीच ती चित्रं बघून कंटाळला होता, शिवाय घड्याळ बघायला दुसरं कोणी नव्हतं. मी जुन्या वर्तमानपत्रातली पाच छायाचित्रं कापली आणि झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढली. तिसऱ्यांदा चेहरे पुसट झाले, हवे होते तसे. खर्च वीस-पंचवीस रुपये. ती पाच पानं आणि माझं घड्याळ घेऊन मी गच्चीवर गेलो. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला.

दुसरी देण्यासारखी गोष्ट म्हणजे अभिप्राय. हा न मागता दिला तर टोचतो. मी पंधरा वर्षांचा, एसएसबी पाहिलेली नाही. "हे चूक, ते बरोबर" असं म्हणायचा मला हक्कच नव्हता. म्हणून मी आधी विचारलं, "मला ऐकताना काय वाटलं ते सांगू?" तो हो म्हणाल्यावरच बोललो. गुण दिले नाहीत, फक्त जे दिसलं ते सांगितलं. "पूर आलाय आणि गावकरी अडकलेत हे लगेच कळलं. पण नाव कोणी आणली ते कळलं नाही. आणि मिनिट संपलं तेव्हा तुम्ही अजून पुराचंच वर्णन करत होता." एवढंच. आणखी चार गोष्टी खटकल्या होत्या, त्या मी त्या दिवशी बोललो नाही. एका वेळी एकच मुद्दा सांगितला तर माणूस तो दुरुस्त करू शकतो, सात सांगितले तर तो स्वतःची बाजू मांडत बसतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या गोष्टीत नाव आणणारा माणूस दुसऱ्याच वाक्यात आला. अभिप्राय कामाचा होता की नाही हे पुढच्या प्रयत्नात दिसतं, "थँक यू" वरून कळत नाही.

तिसरी गोष्ट ओळख करून देणं. आपल्या शाळेतल्या बारावीच्या एका सरांना पंजाबातल्याच केंद्रावर एसएसबीचं बोलावणं आलं होतं. सरांना इथली माहिती हवी होती आणि वीरजीला गटचर्चेसाठी जोडीदार. पण कोणाचाही नंबर परस्पर देणं बरोबर नाही. मी आधी दोघांना वेगवेगळं विचारलं. दोघांचा होकार आल्यावर दोघांना मिळून एकच निरोप लिहिला: "सर, हे वीरजी, खरडला राहतात, एकदा एसएसबीला जाऊन आलेत, बस आणि मुक्कामाचं सांगू शकतील. वीरजी, हे आमचे सीनियर, ह्यांनाही चर्चेचा सराव करायचा आहे. रविवारी संध्याकाळी ७ ला दोघेही मोकळे आहात." मग मी बाजूला झालो. ओळख करून देणाऱ्याने मध्ये लुडबुड करू नये. दोघांनी पाच रविवार फोनवर सराव केला. त्यातल्या एकाही वेळी मी नव्हतो.

जे आपलं नाही ते मात्र देऊ नये. सरांच्या हातच्या नोट्स माझ्याकडे होत्या. त्या मी सरांना विचारूनच वीरजीला दाखवल्या. आणि दिलेलं प्रत्येक वेळी परत येतंच असंही नाही. खालच्या गल्लीतल्या एका मुलाला मी माझी गणिताच्या चुकांची वही दिली. वही परत आली, पण तो पुन्हा बोलला नाही. मी वाट पाहिली नाही, पण दुसरी वहीही दिली नाही.

सुट्टी संपायला दोन दिवस होते. मी काहीच विचारलं नव्हतं. गच्चीवर घड्याळ बंद करताना वीरजी आपणहून म्हणाला, "त्या दिवशी गोष्ट चांगली लिहिली होती. सांगताना पाठ केल्यासारखी म्हटली आणि एका ठिकाणी अडकलो. मग चर्चेत सगळे एकदम ओरडायला लागले. मी वाट बघत बसलो की कोणीतरी मला बोलायला देईल. कोणीच दिलं नाही."

पहिल्या दिवशी जिन्यात मी हेच मागितलं होतं. तेव्हा त्याने सांगितलं असतं तरी मला ते कळलं नसतं, कारण त्याची एकही गोष्ट मी तोवर ऐकली नव्हती. ह्या सत्रात आमच्या हाऊसमध्ये दर शनिवारी चर्चेचा सराव असतो. कोणी गप्प बसलेला दिसला की मी त्याचं नाव घेऊन विचारतो, "तुला काय वाटतं?"

– एक कॅडेट, इयत्ता दहावी