बघा, पण नेऊ नका

क्लायंटला प्रेझेंटेशन पाठवायचं म्हणजे पूर्वी मेलला फाइल जोडायची. एकदा फाइल गेली की आपला तिच्यावरचा ताबा संपला. ती कुणाकडे गेली, कुणी त्यातली तीन पानं उचलून स्वतःच्या नावावर दुसरीकडे दाखवली, हे कळायला मार्ग नव्हता. आता डेक आपल्या ड्राइव्हवरच ठेवून नुसती लिंक पाठवता येते. क्लायंटला पानं दिसतात, त्यात फेरफार करता येत नाही, आणि एक खूण काढली तर उतरवून घेण्याची, छापण्याची आणि कॉपी करण्याची सोयही बंद होते. या कुलपावर बरेच जण निर्धास्त असतात. ते नेमकं कशाला बसतं, हे मात्र फार कमी लोक तपासून बघतात.

एक उदाहरण घेऊ. ठाण्यातल्या दोघींची इंटिरिअर डिझाइनची छोटी फर्म आहे असं समजा. नाशिकच्या एका हॉटेलमालकासाठी त्यांनी बावीस स्लाइड्सचा प्रस्ताव केला आहे. त्यात लॉबीची चित्रं, खोल्यांचे आराखडे, साहित्याची यादी आणि शेवटी दर आहेत. काम अजून मिळालेलं नाही. भीती अशी की मालक हीच चित्रं गावातल्या ओळखीच्या कंत्राटदाराला देईल आणि म्हणेल, ‘हे अस्सं करून दे, पण स्वस्तात.’ ही भीती काल्पनिक नाही. डिझाइनच्या धंद्यात कुणालाही विचारा.

डेक गूगल स्लाइड्समध्ये आहे. वर उजवीकडे `Share` बटण दाबलं की छोटी खिडकी उघडते. तिच्यात `General access` खाली दोन पर्याय महत्त्वाचे आहेत. `Restricted` म्हणजे ज्यांचे ईमेल पत्ते तुम्ही घातलेत तेवढ्यांनाच दार उघडं. `Anyone with the link` म्हणजे ज्याच्या हाती लिंक पडेल त्या प्रत्येकाला. शेजारी भूमिका निवडायची असते. तिथे `Viewer` ठेवायचं, `Editor` नव्हे. बहुतेक जण इथेच थांबतात, पण `Viewer` असलेल्या माणसाला फाइल डाउनलोड करता येते आणि `File` मेनूतून स्वतःची प्रतही करून घेता येते. त्या प्रतीचा मालक तोच, म्हणजे मग तो हवे ते बदल करायला मोकळा. खरा खटका त्याच खिडकीच्या कोपऱ्यातल्या गिअरच्या चिन्हामागे दडलेला आहे. तिथे बघणाऱ्यांना डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी करता येईल अशा अर्थाची ओळ असते. तिच्यावरची खूण आधीपासून लावलेली असते, ती आपण काढायची. या ओळीचे शब्द गूगल अधूनमधून बदलतं, पण `download`, `print`, `copy` हे तीन शब्द शोधले की सापडते.

आता नाशिकच्या मालकाने लिंक उघडली तर त्याच्या मेनूतले हे पर्याय फिके पडलेले दिसतील आणि मजकूर निवडून कॉपीही होणार नाही. लिंकच्या शेवटचा `/edit` हा भाग बदलून `/copy` लिहिला की थेट प्रत करून घेता येते, ही युक्ती आता पुष्कळांना माहीत झाली आहे. खूण काढलेली असेल तर तीही चालत नाही.

चालतं ते वेगळंच. लॅपटॉपवर स्क्रीनशॉट निघतो, मोबाइलवरही निघतो, आणि काहीच नाही तर पडद्यासमोर दुसरा फोन धरून फोटो काढता येतो. फोटोतला मजकूर ओळखून देणारी सोय आजकाल साध्या फोनमध्येही असते, मराठी मजकुरासकट. तेव्हा बावीस स्लाइड्सचे बावीस फोटो काढायला चहाचा कप संपायच्या आत वेळ पुरतो. गूगल स्वतःही या बाबतीत काही वेगळा दावा करत नाही. हे कुलूप मेनूला आहे, डोळ्यांना नाही. त्याने सहज होणारी नक्कल थांबते, ठरवून केलेली थांबत नाही. तरीही ते लावण्यात अर्थ आहे, कारण मूळ फाइल हाती नसली की आराखड्यातली चित्रं पूर्ण स्पष्टतेने मिळत नाहीत आणि मजकूर नव्याने जुळवावा लागतो.

माझ्या मते मोठा धोका क्लायंटच्या कॉपी करण्यात नाहीच. आपण नकळत काय दाखवतो, त्यात आहे.

स्लाइडच्या खाली वक्त्याच्या टिपांचा एक पट्टा असतो. बैठकीत बोलताना आठवण राहावी म्हणून आपण तिथे लिहितो. आपल्या दोघींपैकी एकीने दराच्या स्लाइडखाली लिहून ठेवलंय: ‘साडेअठरा सांगायचे, सोळापर्यंत उतरायला हरकत नाही.’ `Viewer` म्हणून लिंक उघडणाऱ्या माणसाला ही टीप दिसते. डाउनलोड बंद असलं तरी दिसते, कारण तिचा डाउनलोडशी संबंध नाही. तसंच सादरीकरणात वगळण्यासाठी लपवलेल्या स्लाइड्सचं. सादर करताना त्या उडी मारून पुढे जातात, पण डावीकडच्या लहान चित्रांच्या रांगेत त्या डोळ्यावर काट असलेल्या खुणेसह उभ्याच असतात. स्लाइडच्या बाहेरच्या करड्या जागेत तात्पुरता सरकवून ठेवलेला जुना दरतक्ताही तसाच उघडा असतो. लिंकच्या शेवटी `/edit` ऐवजी `/preview` लिहून पाठवली की नुसतं सादरीकरण उघडतं हे खरं, पण घेणाऱ्याने तो शब्द परत बदलला की सगळं पुन्हा समोर.

म्हणून कामाची फाइल क्लायंटला कधीच पाठवू नये. `File` मधून `Make a copy`, मग `Entire presentation` निवडलं की येणाऱ्या खिडकीत टिपा काढून टाकण्याचा आणि लपवलेल्या स्लाइड्स काढून टाकण्याचा असे दोन्ही पर्याय असतात. दोन्हींवर खूण करायची, कडेची करडी जागा नजरेखालून घालायची आणि ही प्रत फक्त या क्लायंटच्या नावाने ठेवायची. गिअरमागची खूण नव्या प्रतीवर पुन्हा तपासायची. यात आणखी एक फायदा आहे. लिंकवरची फाइल जिवंत असते. तुम्ही रात्री अकरा वाजता दर खोडून नवा लिहित असाल आणि समोरच्याने त्याच वेळी लिंक उघडलेली असेल, तर त्याच्या पडद्यावर आकडा बदलताना त्याला दिसेल. वेगळी प्रत असली की खोडाखोड आपल्या घरातच राहते.

ही प्रत ठेवायची कुठे, हेही बघावं लागतं. फाइल एखाद्या फोल्डरमध्ये टाकली की त्या फोल्डरची परवानगी तिला लागू होते. मागच्या महिन्यात मोजमापं आणि फोटो देवघेवीसाठी हॉटेलच्या मॅनेजरला एका फोल्डरवर संपादनाचा हक्क दिला असेल आणि प्रस्तावही त्यातच पडला असेल, तर लिंकवर कितीही `Viewer` लिहिलं तरी मॅनेजर त्यात लिहू शकतो. एका माणसाकडे दोन परवानग्या असतील तर मोठी चालते. खात्री करण्याचा सोपा मार्ग असा: लिंक स्वतःच खासगी खिडकीत, क्रोममध्ये `Ctrl+Shift+N` दाबून उघडणाऱ्या काळसर खिडकीत, लॉगिन न करता उघडून बघा. अनोळखी माणसाला काय दिसतं ते तिथे कळतं. पण मॅनेजरसारख्या नावाने जोडलेल्या माणसाचा हक्क त्यात कळणार नाही. त्यासाठी `Share` च्या खिडकीतली नावांची यादीच वाचावी लागते.

मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर पॉवरपॉइंट ठेवणाऱ्यांसाठी एकच गोष्ट सांगून ठेवतो. तिथे लिंक काढताना पुष्कळदा `Can edit` आधीच निवडलेलं असतं. ते बदलून `Can view` करायचं. ऑफिसच्या खात्यात डाउनलोड रोखण्याचाही खटका मिळतो. मुदत संपण्याची तारीख आणि पासवर्ड वैयक्तिक खात्यात पैसे भरल्यावर मिळतात.

आता लिंक सर्वांसाठी खुली ठेवायची की नावानिशी? खुली लिंक व्हॉट्सअॅपवर फिरते आणि कुणी उघडली याची यादी साध्या जीमेल खात्याला मिळत नाही. डेक उघडा असताना त्याच वेळी कुणी अनोळखी बघत असेल, तर वरच्या कोपऱ्यात एखाद्या प्राण्याचं चित्र आणि निनावी असं नाव येतं. निनावी कॅपिबारा तुमचे दर वाचतोय, एवढंच कळतं. नावानिशी दिलेली लिंक दुसऱ्याकडे गेली तर त्याला दार बंद दिसतं आणि परवानगी मागणारा मेल तुम्हाला येतो. त्यावरून प्रस्ताव कुठे कुठे फिरतोय याचा अंदाज येतो, हा न मागता मिळालेला फायदा. पण याचा जाच क्लायंटलाही होतो. मालकाचा मेल एका पत्त्यावर आणि फोनमध्ये लॉगिन मुलाच्या खात्याने, असं घरोघरी असतं. मग ‘मॅडम, तुमचं काही उघडतच नाही’ असा फोन येतो. कागदावरच वाचणारे भागीदार असतात, त्यांना प्रिंट हवी असते. कुलपापायी काम हातचं जाऊ द्यायचं का, हा निर्णय त्या कामाच्या किमतीवर घ्यावा. आपल्या दोघींनी चित्रांचा डेक नावानिशी आणि बंद ठेवला, आणि दरांचं एक पान साध्या पीडीएफमध्ये मोकळं पाठवलं, तर मला ते शहाणपणाचं वाटेल.

प्रत्येक स्लाइडवर क्लायंटचं नाव आणि तारीख फिक्या अक्षरात टाकायलाही हरकत नाही. `View` मधल्या `Theme builder` मध्ये एकदा घातलं की ते सगळीकडे उमटतं. पण ते मागच्या थरात असतं. पूर्ण स्लाइडभर पसरलेल्या चित्राखाली ते झाकलं जातं, म्हणून लॉबीच्या मोठ्या चित्रांवर ते हातानेच टाकावं लागेल. फोटो काढणाऱ्याला याने अडत नाही. मात्र तो फोटो पुढे दाखवायचा तर आधी नाव पुसत बसावं लागतं.

इतकं करूनही कल्पना उचलली गेली तर? आपल्याकडे कॉपीराइट कल्पनेवर नसतो, तिच्या मांडणीवर असतो. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात आर. जी. आनंद यांच्या दाव्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हे स्पष्ट केलं. म्हणजे तुमचा आराखडा तुमचा, ‘लॉबीत वाड्याचा चौक करू’ ही कल्पना तुमची राहत नाही. पण विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीला वेगळं संरक्षण आहे. मालिकेची संकल्पना वाहिनीला सांगितल्यावरून झालेल्या झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली गोपनीयतेच्या भंगाचा मुद्दा मान्य केला. म्हणून लिंकच्या वरच मेलमध्ये दोन ओळी लिहाव्यात: हा प्रस्ताव फक्त तुमच्या विचारासाठी आहे, आमच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला देऊ नये. त्या मेलवर तारीख असते आणि मिळाल्याचं उत्तर आलं की ते जपून ठेवायचं.

मालकाचा नकार आला तर डेक उघडून `General access` पुन्हा `Restricted` करायचं आणि यादीतून त्याचं नाव काढायचं. कधी `Publish to web` वापरलं असेल तर ते स्वतंत्रपणे थांबवावं लागतं. ते नुसती परवानगी बदलून बंद होत नाही आणि त्याची लिंकही वेगळीच असते.