शेजारून आलेली गुडघ्याची गोळी

ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक बैठकीत बोलायला आलेल्या डॉक्टरबाईंनी विषय फार लहान घेतला होता. घरात उरलेल्या आणि एकमेकांना दिलेल्या गोळ्यांबद्दल बोलायचं होतं, पण त्यांनी त्यातली एकच निवडली: गुडघा, कंबर किंवा दाढ दुखली की घेतली जाणारी वेदनाशामक गोळी. सभागृहातल्या जवळजवळ प्रत्येक घरात ती असणार, हे त्यांना ठाऊक होतं. बोलणं जेमतेम पंधरा मिनिटं चाललं. त्यातलं बरंचसं इथे देतो आहे, कारण ही गोळी द्यायला-घ्यायला कोणालाच काही वाटत नाही.

त्यांनी समोर एक नमुना मांडला. त्रेसष्ट वर्षांच्या एक बाई. बीपीसाठी रोज सकाळी एक गोळी. तिच्यात दोन औषधं एकत्र: टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारं औषध. बीपी ताब्यात, मूत्रपिंडाची तपासणी ठीक, क्रिएटिनिन ०.९. मे महिन्यात गुडघा धरला. शेजारच्या वहिनींनी आपल्या पट्टीतून सहा गोळ्या कापून दिल्या, "मला हिनेच बरं वाटतं" म्हणून. गोळी ॲसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची. सकाळ-संध्याकाळ एकेक. दुसऱ्या दिवशी गुडघा हलका झाला आणि बाईंनी आणखी एक पट्टी मागवून घेतली. चौथ्या दिवशी लग्नाच्या जेवणानंतर जुलाब सुरू झाले. खाणंपिणं सुटलं, पण बीपीची गोळी चुकवायची नाही हे मनात पक्कं, म्हणून ती सुरूच राहिली. गुडघ्याचीही. सातव्या दिवशी मळमळ, दिवसभरात जेमतेम एकदा लघवी, बोलण्यात सुस्ती. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ३.४.

यात वावगं काय झालं? बीपीची गोळी योग्य होती. वहिनींची गोळीही त्यांच्यापुरती योग्यच होती, डॉक्टरांनी लिहून दिलेली. मुदत संपलेली नव्हती. जुलाब तर कोणालाही होतात.

ते समजायला मूत्रपिंडाचं काम थोडं बघावं लागतं. मूत्रपिंडातल्या लाखो बारीक गाळण्यांना रक्त गाळायला दाब लागतो. प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक नळी असते आणि बाहेर नेणारी दुसरी. अंगातलं पाणी कमी झालं की शरीर दोन युक्त्या करतं: आत येणारी नळी रुंद करतं, बाहेर जाणारी आवळतं. त्यामुळे रक्त कमी असूनही गाळणीतला दाब टिकतो. आत येणारी नळी रुंद ठेवणारी द्रव्यं आणि दुखणं-सूज निर्माण करणारी द्रव्यं एकाच कुळातली आहेत, आणि ॲसेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं त्या सगळ्या कुळालाच अडवतात. गुडघ्याला आराम पडतो तो त्यामुळेच. टेल्मिसार्टन आणि त्या गटातली बीपीची औषधं बाहेरची नळी आवळू देत नाहीत. लघवीचं औषध पाणी कमी करतं, जुलाबांनी ते आणखी कमी केलं. म्हणजे पाणी घटलं तेव्हाच दोन्ही युक्त्या बंद पडल्या होत्या. गाळण्या शाबूत होत्या, त्यांना दाबच मिळेना.

हे दरवेळी घडतं असं डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत. २०१३ साली ब्रिटनमध्ये बीपीच्या सुमारे ४ लाख ८७ हजार रुग्णांच्या नोंदींवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बीपीच्या दोन औषधांत वेदनाशामकाची भर पडली की मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि पहिल्या तीस दिवसांत ते सर्वांत जास्त वाढलेलं होतं. मूळ प्रमाण लहान असल्यामुळे बहुतेकांना काहीच होत नाही. मला या गोष्टीतलं सर्वांत घातक वाटतं ते हेच. दहा घरांत गोळी दिली, दहाही ठिकाणी बरं वाटलं, की अकराव्या घरी ती आणखी खात्रीने दिली जाते.

मागच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, "पण मॅडम, मी दुसऱ्याची घेत नाही. दाढ काढली तेव्हाची माझीच उरली आहे, तीच घेतो."

"दाढ कधी काढलीत, काका?"

"झाली तीन वर्षं."

"तेव्हा बीपीची गोळी होती?"

नव्हती. ती गेल्या वर्षी सुरू झाली. डॉक्टरबाईंना आणखी काही समजावावं लागलं नाही. डब्यातली पट्टी तीच राहते. तीन वर्षांत माणसाचं वय, बीपी, साखर, मूत्रपिंडाची ताकद आणि इतर गोळ्या सगळं बदललेलं असतं. त्यांनी काकांची पट्टी मागवून पाहिली. कात्रीने कापलेला चार गोळ्यांचा तुकडा. औषधाचं नाव अर्धं, मुदतीची तारीख कापून गेलेल्या टोकावर. अशा तुकड्यावर ती गोळी कसली हे कळायलाच मार्ग नाही, मग ती कोणासाठी हा प्रश्न पुढचा.

उरलेल्या अँटिबायोटिकबद्दल त्या थोडक्यात बोलल्या. लघवीला जळजळ झाली म्हणून जुन्या तीन गोळ्या घेतल्या आणि मग तपासणीला नमुना दिला, तर त्यात जंतू वाढतच नाहीत. जंतू अंगात असतात, पण कोणते आणि कशाने मरतील हे डॉक्टरांना कळत नाही. आधी नमुना, मग गोळी, एवढं त्यांनी दोनदा सांगितलं.

एका काकूंनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं. "रात्री अकराला गुडघा ठणकला तर दवाखाना कुठे उघडा असतो? शेजारीच जाणार ना आम्ही."

उत्तर नेमकं मिळालं. साधी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, शेक, आणि दुखऱ्या जागी लावायचं मलम. मलमातलं औषध पोटातल्या गोळीच्या मानाने रक्तात फार कमी जातं. यकृताचा आजार असलेल्यांनी किंवा रोज दारू घेणाऱ्यांनी पॅरासिटामॉलबद्दलही आधी विचारून ठेवायचं. आणि दुखण्याच्या पुष्कळ जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आधीच असतं, तेव्हा दोन्ही एकत्र घेतल्या तर मात्रा नकळत वाढते. गोळी शेजारून आणण्याऐवजी पुढच्या वेळी बीपीच्या डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्यायच्या आणि "दुखलं तर यातली कोणती चालेल?" हे दिवसा विचारून घ्यायचं. जुलाब-उलट्या झाल्या तर बीपीची गोळी त्या दिवसांपुरती थांबवायची का, हेही तेव्हाच विचारायचं. आपल्या मनाने मात्र बंद करायची नाही.

नमुन्यातल्या बाईंचं पुढे काय होतं, हेही त्यांनी सांगितलं. वेदनाशामक कायमची बंद, बीपीची गोळी काही दिवस थांबवलेली, सलाइन. लघवी वाढते, आठवड्याभरात क्रिएटिनिन १.१ वर येतं. लवकर कळलं तर इजा बहुधा भरून निघते. उशीर झाला, किंवा मधुमेहाने मूत्रपिंड आधीच अशक्त असलं, तर पूर्वीच्या आकड्यावर येईलच असं नाही.

शेवटचा प्रश्न हळू आवाजात आला. एक बाई बीपीच्या गोळीबरोबर चार दिवस भावजयीच्या गोळ्या घेत होत्या.

"आजपासून बंद करा. पाणी नेहमीसारखं पीत राहा, मुद्दाम खूप नको. उद्या क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा, कारण सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि पोटॅशियम वाढलं तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. लघवी कमी झाली, पायांवर सूज आली, मळमळ किंवा धाप लागली, तर उद्याची वाट न बघता आजच निघा. आणि दवाखान्यात गेल्यावर भावजयीची गोळी घेत होते, हे सगळ्यात आधी सांगा. लाजून ते राहून जातं आणि आम्ही भलतीकडेच शोधत बसतो."