सप्लायरची क्रेडिट नोट आपल्या वह्यांत डेबिटला का जाते? विदेशी स्टेटमेंट जुळवायचं कसं?

महिना संपला की बाहेरच्या देशातला सप्लायर ईमेलवर एक स्टेटमेंट पाठवतो. त्यात बिलं असतात, मिळालेली पेमेंट्स असतात आणि मध्येच कुठेतरी एक क्रेडिट नोट आणि एक डेबिट नोट दिसते. इथला अकाउंटंट आपला टॅलीतला लेजर शेजारी उघडून बसतो आणि आकडे जुळत नाहीत. बहुतेक वेळा चूक बेरजेत नसते. एकाच व्यवहाराला दोन्हीकडे उलटी नावं असतात आणि घोटाळा तिथेच होतो.

तर या दोन नोंदी वाचायच्या कशा आणि फरक शोधायचा कसा, हे एका उदाहरणातून समजून घेऊया.

स्टेटमेंट नेमकं कोणाच्या वहीतलं असतं?

सप्लायरचं स्टेटमेंट म्हणजे त्याच्या वहीतलं आपलं खातं. त्याच्यासाठी आपण ग्राहक, म्हणजे येणेकरी. तो बिल करतो तेव्हा त्याचं येणं वाढतं, म्हणून ते त्याच्याकडे डेबिटला दिसतं. आपल्याकडे तेच बिल सप्लायरच्या खात्यात क्रेडिटला असतं, कारण आपलं देणं वाढलेलं असतं.

नोट्सचंही तसंच आहे. सप्लायर क्रेडिट नोट देतो, म्हणजे तो आपल्याकडून कमी पैसे घ्यायला तयार आहे. माल खराब निघाला, कमी आला किंवा दर जास्त लागला, अशी कारणं असतात. त्याच्याकडे ही नोंद क्रेडिटला. आपल्याकडे मात्र देणं कमी झालं, म्हणून सप्लायरचं खातं डेबिट होतं. डेबिट नोट याच्या उलट. तो आणखी पैसे मागतोय, म्हणून आपल्याकडे त्याचं खातं क्रेडिट होतं.

म्हणूनच टॅलीप्राइममध्ये सप्लायरकडून आलेली क्रेडिट नोट टाकताना `Alt+F6` चं Credit Note व्हाउचर उघडायचं नसतं. ती `Alt+F5` च्या Debit Note व्हाउचरमध्ये जाते. कागदावर एक शब्द आणि स्क्रीनवर दुसरा, त्यामुळे नवा माणूस हमखास इथे अडखळतो.

उदाहरण: जर्मनीहून आलेले बेअरिंग

समजा, पुण्याजवळच्या भोसरीतला एक कारखाना जर्मनीतल्या सप्लायरकडून बेअरिंग मागवतो. एका बेअरिंगची किंमत ५० युरो. जुलैमध्ये २०० नग आले, बिल १०,००० युरोचं. माल तपासल्यावर कारखान्याला १६ नग सदोष वाटले. कारखान्याने ८०० युरोचा दावा ईमेलने पाठवला आणि त्याच दिवशी स्वतःची डेबिट नोट करून टॅलीत टाकली.

महिनाअखेरीला सप्लायरचं स्टेटमेंट आलं:

- ३ जुलै: बिल, डेबिट १०,०००
- १८ जुलै: डेबिट नोट, डेबिट ३०
- २५ जुलै: क्रेडिट नोट, क्रेडिट ६००
- ३१ जुलै: बाकी, डेबिट ९,४३०

सप्लायरने १६ पैकी १२ नगच सदोष मानले, म्हणून क्रेडिट नोट ६०० ची आहे. आणि ३० युरोची डेबिट नोट कसली? मागच्या बिलाचे पैसे पाठवले तेव्हा मधल्या बँकेने तेवढं शुल्क कापून घेतलं होतं. सप्लायरच्या खात्यात तेवढे कमी पोचले, म्हणून तो ते आता मागतोय.

अकाउंटंटने क्रेडिट नोट हातात येताच तीही टॅलीत टाकली. बाजू बरोबर होती. तरी त्याच्या लेजरमध्ये बाकी दिसते ८,६०० युरो. स्टेटमेंटशी फरक ८३० चा.

८३० युरो गेले कुठे?

कारखान्याची ८०० ची डेबिट नोट आणि सप्लायरची ६०० ची क्रेडिट नोट या दोन वेगळ्या घटना नाहीत. पहिली म्हणजे दावा, दुसरी म्हणजे त्या दाव्यावरचा निर्णय. दोन्ही टाकल्यामुळे १०,००० मधून एकदा ८०० आणि पुन्हा ६०० वजा झाले. शिवाय ३० ची नोंद राहूनच गेली.

उपाय सोपा आहे. आधीची ८०० ची नोंद रद्द करायची, म्हणजे बाकी ९,४०० होते. मग बँक शुल्काचे ३० घ्यायचे, की ९,४३० होऊन स्टेटमेंट जुळतं.

पण न मिळालेल्या ४ नगांचे २०० युरो वहीतून नुसते गायब होऊ देऊ नयेत. तो वाद अजून चालू आहे की सोडून दिला, हे खरेदी विभागाला विचारायचं. चालू असेल तर जुळवणीच्या कागदावर 'दावा प्रलंबित, २०० युरो' असं लिहून ठेवायचं. पुढे सप्लायरने मान्य केलं, तर तो त्याची वेगळी क्रेडिट नोट देईल. म्हणून बऱ्याच ठिकाणी दाव्याची नोंद आधी करतच नाहीत. दाव्यांची एक वेगळी यादी ठेवतात आणि सप्लायरची क्रेडिट नोट आली की तेवढ्याच रकमेची नोंद करतात.

चूक बाजूची आहे, हे कसं ओळखायचं?

समजा अकाउंटंटने फक्त क्रेडिट नोटच टाकली असती, पण नाव वाचून क्रेडिटच्या बाजूला. मग १०,००० मधून ६०० जाण्याऐवजी त्यात ६०० वाढले असते आणि बाकी १०,६०० झाली असती. खरी बाकी ९,४००. फरक १,२००, म्हणजे नोटच्या बरोबर दुप्पट.

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. फरक आला की आधी त्याचे निम्मे करून पाहायचे. त्या निम्म्या रकमेची एखादी नोट स्टेटमेंटमध्ये दिसली, तर ती बहुधा उलट्या बाजूला पडली आहे. फरक नोटच्या रकमेएवढाच असेल, तर ती नोट टाकायची राहिली आहे किंवा दोनदा पडली आहे.

स्टेटमेंट जर्मन भाषेत असेल तर?

जर्मन स्टेटमेंटवर सोल आणि हाबेन अशी दोन शीर्षकं असतात. `Soll` म्हणजे डेबिट, `Haben` म्हणजे क्रेडिट. काही छापील कागदांवर नुसतं `S` आणि `H` असतं. क्रेडिट नोटवर `Gutschrift` किंवा `Rechnungskorrektur` लिहिलेलं असतं. दुसऱ्या शब्दाचा अर्थ बिलाची दुरुस्ती.

आकडे लिहायची पद्धतही वेगळी आहे. तिथे हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. म्हणजे `10.000,00` हे दहा हजार आहेत, दहा नव्हेत. आणि `600,00-` असं शेवटी वजाचं चिन्ह दिसलं, तर ती रक्कम येण्यातून वजा झालेली आहे. स्टेटमेंट थेट एक्सेलमध्ये टाकलं की हे आकडे चुकीचे वाचले जाऊ शकतात, म्हणून शेवटची बाकी हाताने एकदा तपासावी.

रुपयांत जुळवायचं की युरोत?

आधी युरोत. सप्लायरला रुपये माहीत नसतात, त्यामुळे रुपयातला फरक त्याच्याशी बोलून सुटणार नाही.

समजा बिलाच्या दिवशी १ युरो १०० रुपयांना होता आणि क्रेडिट नोटच्या दिवशी १०२ ला. ६०० युरोची नोट मूळ दराने ६०,००० रुपयांची होते आणि नव्या दराने ६१,२०० ची. क्रेडिट नोट त्याच बिलाचा भाग कमी करते, म्हणून बरेच अकाउंटंट तिला मूळ बिलाचाच दर लावतात. नवा दर लावला, तर मधले १,२०० रुपये विनिमय दरातल्या फरकाच्या खात्यात जातात. कुठली पद्धत वापरायची हे सीएशी बोलून एकदा ठरवावं आणि वर्षभर तीच ठेवावी. टॅलीत नोंद करताना `Agst Ref` निवडून मूळ बिलाचा नंबर द्यायला विसरू नये, नाहीतर बिल पूर्ण १०,००० चं उघडं दिसतं आणि नोट वेगळीच लटकत राहते.

क्रेडिट नोट जपून का ठेवायची?

कारण हिशेब जुळला तरी बँकेचा प्रश्न उरतो. आयात मालाचं बिल ऑफ एंट्री १०,००० युरोचं आहे आणि या बिलापोटी बाहेर गेले ९,४००. रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस या प्रणालीत २०१६ पासून आयातीची कागदपत्रं आणि बाहेर गेलेले पैसे एकमेकांशी जुळवले जातात. तिथे ६०० युरो उघडे दिसतात आणि बँक विचारते, बाकीच्या रकमेचं काय? त्याचं उत्तर म्हणजे सप्लायरची क्रेडिट नोट. तिच्यावर मूळ बिलाचा नंबर, तारीख आणि कपातीचं कारण असलंच पाहिजे. 'सवलत' एवढंच लिहिलेली नोट आली, तर ती लगेच परत पाठवून दुरुस्त करून घ्यावी. वर्षभराने तो कागद मिळवणं अवघड जातं.

जीएसटीचंही इथे भान ठेवावं लागतं. आयातीवरचा आयजीएसटी सप्लायरला दिलेला नसतो, तो कस्टम्सला बिल ऑफ एंट्रीवर भरलेला असतो. त्यामुळे विदेशी क्रेडिट नोटमध्ये जीएसटीची रक्कम नसते आणि देशी सप्लायरच्या नोटसारखी ती जीएसटी लावून टाकायची नसते.

डेबिट नोट आली की आधी तिचं कारण वाचावं. ३० युरोसारखं बँक शुल्क असेल, तर जर्नल व्हाउचरने बँक शुल्क डेबिट आणि सप्लायर क्रेडिट करून विषय संपतो. असं पुन्हा होऊ नये म्हणून पैसे पाठवताना बँकेच्या फॉर्मवर `SHA` ऐवजी `OUR` निवडता येतं, म्हणजे शुल्क पाठवणाऱ्याकडून घेतलं जातं. पण डेबिट नोट मालाची किंमत वाढवणारी असेल, तर कस्टम्सला दाखवलेली किंमतही कमी ठरू शकते. अशी नोट आधी कस्टम एजंटला दाखवावी आणि मगच पैसे पाठवावेत.

त्यामुळे भोसरीच्या कारखान्याच्या फाइलला जुलै महिन्यात चार कागद हवेत: बिल, ६०० ची क्रेडिट नोट, ३० ची डेबिट नोट आणि ज्यावर २०० चा दावा प्रलंबित लिहिलाय तो जुळवणीचा कागद.