टू बीएचके अरबीत

पुण्यात कोंढव्याच्या बाजूला येमेनी, सुदानी विद्यार्थी भाड्याने घर शोधतात तेव्हा हातात बहुधा जाहिरातीचा फोटो असतो: ‘2 BHK, semi-furnished, dep. 60k’. याचं अरबी करताना अक्षरांना चिकटून चालत नाही. बीएचकेचं सरळ ‘शक्का, गुर्फतैन व साला’ करावं, म्हणजे दोन खोल्या आणि हॉल. स्वयंपाकघर घरात असणारच, म्हणून अरबी जाहिरातीत ते कधी कधी गाळतात.

खरी फसगत ‘फर्निश्ड’ शब्दात होते. ‘मफ्रूशा’ म्हटलं की अरबी वाचकाला पलंग, सोफा, फ्रिज दिसतो. आपल्याकडच्या सेमी-फर्निश्ड घरात मात्र बहुतेकदा पंखे, दिवे आणि भिंतीतली कपाटं एवढंच मिळतं. ‘निस्फ मफ्रूशा’ लिहून हा घोळ मिटत नाही. मालकाला विचारून वस्तूंची नावंच लिहावीत आणि पुढे ‘बिदून असास’, म्हणजे फर्निचरशिवाय, असं जोडावं.

डिपॉझिटसाठी शब्दकोशातला ‘ईदा’ घेतला तर बँकेत पैसे भरल्यासारखं वाटतं, ‘अर्बून’ म्हटलं तर सौद्याचा विसार. परत मिळणारी रक्कम म्हणजे ‘तअमीन मुस्तरद्द’. फोटोत 60 नंतरचा k पुसट असेल तर झूम करून बघावं आणि ‘सित्तून अल्फ रूबिया’ असं अक्षरी लिहावं.