समोर नसलेल्याशी बोलताना

कोणत्याही शाळेच्या स्मरणिकेत एखाददुसरा लेख असा असतो, की ज्यात लेखक मध्येच वाचकाकडे पाठ फिरवून दुसऱ्याच कुणाशी बोलू लागतो. कधी दिवंगत शिक्षकांशी, कधी वसतिगृहाच्या घंटेशी, कधी आवारातल्या पिंपळाशी. समोर नसलेल्या व्यक्तीला किंवा वस्तूला थेट हाक मारण्याच्या या रीतीला संबोधन म्हणता येईल. ती साधली तर दोन वाक्यांत माणूस उभा राहतो. फसली तर गेलेल्या माणसाची आठवण बाजूला पडते आणि रंगमंचावरचे भाषण ऐकू येऊ लागते. ज्यांचे ते माणूस होते, ते कुटुंबीयही हा लेख वाचणार असतात. म्हणून हे फसणे केवळ भाषेपुरते राहत नाही.

ही रीत जुनी आहे म्हणून ती जुनाट वाटते, असा एक समज आहे. तो खरा नाही. थेरगाथेतील तालपुट थेरांचे उदाहरण पाहावे. प्रव्रज्येपूर्वी ते नटांच्या मेळ्याचे प्रमुख होते. मरणानंतर नटाला कोणती गती मिळते, हा प्रश्न त्यांनी भगवान बुद्धांना तीनदा विचारल्याची कथा संयुत्त निकायात आहे. अशा नटाने रचलेल्या पन्नासहून अधिक गाथांपैकी बऱ्याचशा गाथा स्वतःच्या चित्ताला उद्देशून आहेत. त्यांत ते चित्ताची थोरवी गात नाहीत. ते त्याला जुन्या व्यवहाराची आठवण देतात : घर सोड म्हणून तूच वर्षानुवर्षे माझ्या मागे लागला होतास, आता मी घर सोडले, तर तू साधनेला का लागत नाहीस? या बोलण्यात नाटकीपणा वाटत नाही, कारण बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात काही घडून गेलेले आहे आणि प्रश्नाचे उत्तर खरोखर हवे आहे.

ताटीच्या अभंगांतही हेच दिसते. रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांशी मुक्ताबाई दाराबाहेरून बोलतात, अशी परंपरा सांगते. भाऊ समोर दिसत नाही. मागणे एकच आहे, दार उघडावे. वयाने त्या लहान; म्हणून क्रियापद आदरार्थी. नाते जसे घरात होते, तसेच ते अभंगात उतरले आहे.

या दोन्ही उदाहरणांतून एकच कसोटी हाती लागते. ज्याला हाक मारली, त्यालाच सांगण्यासारखे काही आपल्याजवळ आहे का? नसेल, तर आपण त्याच्या खांद्यावरून वाचकांना ऐकवीत असतो, आणि नाटकीपणा तेथूनच येतो.

आता एक प्रसंग कल्पू या. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात अनेक वर्षे राबलेल्या मावशी निवर्तल्या आहेत आणि एका माजी विद्यार्थ्याला त्यांच्याविषयी लिहायचे आहे. पहिल्या झटक्यात बहुधा असे उतरते :

“हे मातृतुल्य मावशी! आम्हां लेकरांना पोरके करून तू कोठे गेलीस गं? तुझ्या हातच्या भाकरीला अमृताची चव होती! तुझे उपकार आम्ही जन्मोजन्मी फेडू शकणार नाही!”

यामागील भावना खोटी नाही. परंतु मावशींना यात नवे काय कळले? हा मजकूर कोणत्याही वसतिगृहातील कोणत्याही मावशींना लागू पडेल. शिवाय हा विद्यार्थी हयातीत त्यांना “मावशी, भाकरी वाढा” असे म्हणत असेल, तर मृत्यूनंतरचा “तू” आणि “गं” कोठून आला? आपल्या भाषेत तू, तुम्ही आणि आपण यांतील निवड नाते सांगते. लेखात ती बदलली, की नातेच बदलते आणि ओळखीचे माणूस परके होते. ज्याने जन्मभर तूच म्हटले असेल, त्याने मात्र संकोचाने तुम्ही करू नये.

तोच मजकूर असा लिहिता येईल :

“मावशी पहाटे चार वाजता चूल पेटवीत. पहिली भाकरी तव्यावर केव्हा पडते, ते आम्हां मुलांना कधी कळले नाही. आजारी मुलाचे ताट त्या वेगळे काढून झाकून ठेवीत. ते कुणासाठी आहे, हे त्यांना सांगावे लागत नसे. मावशी, दहावीचा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही गावी गेला होतात. मी पास झालो, हे तुम्हांला सांगायचे राहून गेले. गणितात ४२ गुण पडले.”

येथे आधी मावशींविषयी सांगितले आहे. वाचकाला त्या दिसू लागल्यावरच लेखक त्यांच्याकडे वळतो. आरंभीच हाक मारली, तर वाचकाला कोण कुणाशी बोलते आहे ते ठाऊक नसते आणि हाक पोकळ वाटते. हाक एकदाच आली आहे. उद्गारचिन्ह एकही नाही. आणि जे सांगितले आहे, ते मावशींनाच सांगायचे राहिलेले आहे. गुणांचा आकडा वाचकाच्या दृष्टीने किरकोळ आहे. मावशींनी मात्र तो नक्की विचारला असता.

वस्तूशी बोलताना एक अडचण व्याकरणाची येते. संबोधनाच्या रूपात घंटा “घंटे” होते आणि झाड “झाडा”. बोलण्यात आपण झाडाला अशी हाक सहसा मारीत नाही; म्हणून ही रूपे कवितेची वाटतात. गाण्यात “भीमा” ही हाक आजही सहज शोभते, कारण तेथे सूर तिला धरून असतो. गद्यात तो आधार नसतो. त्यात “हे”, “तव”, “मम” आले, की वाक्य शंभर वर्षे मागे जाते.

यावर उपाय भाषेतच आहे. मराठी क्रियापद स्वतःच समोरच्याला उद्देशून बोलते. आधी घंटेविषयी दोन वाक्ये लिहावीत आणि मग हाक न मारता म्हणावे : “सुट्टीत घरी गेल्यावरही पहाटे पाचला तू कानात वाजायचीस.” “वाजायचीस” यातील शेवटच्या “स”मध्ये संबोधन पूर्ण झाले. वेगळ्या हाकेची गरज उरली नाही.

या रीतीला मर्यादाही आहेत. संपूर्ण लेख संबोधनात लिहिला, तर माहिती देणे अवघड होते. “तुम्ही अमुक साली या शाळेत रुजू झालात” हे वाक्य शिक्षकांना उद्देशून लिहिणे विचित्र आहे. ते त्यांना ठाऊकच होते. अशी माहिती वाचकासाठी असते आणि ती तृतीय पुरुषातच द्यावी. हयात असलेल्या व्यक्तीशीही असे बोलू नये. तिला पत्र लिहावे, नाहीतर भेटावे.

लेख पूर्ण झाल्यावर संबोधनाची वाक्ये “ते” किंवा “त्या” घालून पुन्हा लिहून पाहावीत. अर्थात काहीच उणे झाले नाही, तर ती तशीच ठेवावीत. “मी पास झालो, हे त्यांना सांगायचे राहून गेले” हे वाक्यही चुकीचे नाही. पण त्यात सांगणे अजून राहिलेलेच आहे. “तुम्हांला” म्हटल्यावर ते सांगून झाले. एवढा फरक पडत असेल, तेथेच हाक मारावी.