गिलाव्यानंतर खचणारं घर

नवी मुंबईत, पनवेल-उरण पट्ट्यात, ठाणे खाडीच्या काठाला पाया खोदताना वरचा मुरमाचा थर संपला की काळसर, चिकट, ओली माती लागते. बोअरिंगच्या अहवालात तिचं नाव ‘मरीन क्ले’ असं असतं. कुठे ती दोन-तीन मीटर जाड असते, कुठे दहा मीटरपेक्षा जास्त. अशा मातीवर उथळ फूटिंग टाकून बांधलेलं घर पहिल्या वर्षी ठीक दिसतं. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, दार चौकटीत अडकू लागतं. दोष बहुतेकदा गवंड्यावर किंवा सिमेंटवर येतो. खरं कारण असं, की माती दोनदा खचते आणि दुसऱ्या वेळचा हिशोब कुणी केलेलाच नसतो.

पहिलं खचणं तात्काळ होतं. या मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात. वरून वजन आलं तरी पाण्याला इतक्या बारीक वाटांतून पटकन बाहेर पडता येत नाही. त्यामुळे मातीचं आकारमान तेवढंच राहतं, फक्त ती आकार बदलते: फूटिंगखाली दबते आणि बाजूंना सरकते. हे बांधकाम चालू असतानाच घडत जातं. कॉलम, स्लॅब, भिंती असं वजन वाढतं तसं फूटिंग काही मिलिमीटर खाली जातं. गिलावा आणि फरशी होईपर्यंत हा भाग बराचसा उरकलेला असतो, म्हणून त्याच्या खुणा क्वचितच दिसतात.

दुसऱ्या खचण्याला ‘कन्सॉलिडेशन’ म्हणतात. दही फडक्यात बांधून टांगलं की पाणी निथळत जातं आणि मागे आटलेला घट्ट चक्का राहतो. फूटिंगखाली तेच होतं, पण वर्षानुवर्षं. सुरुवातीला घराचं जादा वजन पोकळ्यांतलं पाणी पेलतं. पाणी हळूहळू निसटतं तसं ते वजन मातीच्या कणांवर येतं, कण जवळ येतात आणि थर आकसतो. हा हिशोब मांडला कार्ल टर्झाघी यांनी. इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजात शिकवत असताना केलेल्या प्रयोगांतून तो उभा राहिला आणि 1925 साली त्यांच्या पुस्तकातून प्रसिद्ध झाला.

एक नमुना हिशोब करून पाहू. आकडे मरीन क्लेला साजेसे पण सोपे घेतले आहेत. दोन मीटर बाय दोन मीटरचं फूटिंग आहे, त्यावर कॉलममधून 20 टन वजन येतं, म्हणजे दर चौरस मीटरला 5 टन. फूटिंगखाली सहा मीटर मऊ चिकणमाती आणि तिच्याखाली खडक. मातीची ताकद पाहता हा दाब झेपण्यासारखा आहे, फूटिंग एकाएकी धसणार नाही. मातीची ताठरता धरून काढलेलं तात्काळ खचणं साधारण 15 मिलिमीटर येतं.

आता कन्सॉलिडेशन. वजन खाली जाताना पसरतं. ढोबळ नियम असा, की दर मीटर खोलीला पसरण्याची रुंदी एक मीटरने वाढते. म्हणून सहा मीटरच्या थराचे दोन-दोन मीटरचे तीन भाग करून प्रत्येकाच्या मध्यावरचा जादा दाब काढू. एक मीटर खोलीवर तेच 20 टन तीन बाय तीन मीटरवर पसरतात, म्हणजे दर चौरस मीटरला 2.2 टन. तीन मीटर खोलीवर 0.8 आणि पाच मीटर खोलीवर फक्त 0.4 टन उरतात. दर चौरस मीटरला एक टन दाब वाढला की एक मीटर जाडीची ही माती सुमारे 10 मिलिमीटर आकसते, असं धरलं तर तीन भागांतून अनुक्रमे 44, 16 आणि 8 मिलिमीटर येतात. बेरीज 68. तात्काळ भाग मिळवून 83.

भारतीय मानक 1904 मध्ये चिकणमातीवर सुट्या फूटिंगच्या आरसीसी इमारतीसाठी 75 मिलिमीटरची मर्यादा दिली आहे. म्हणजे ताकदीच्या परीक्षेत पास झालेला पाया खचण्याच्या परीक्षेत नापास होतो. आणि सगळं घर सारखंच 83 मिलिमीटर खाली गेलं, तर भेगा फारशा पडत नाहीत. खरा घात होतो तो फरकाने. चार मीटरवरच्या शेजारच्या कॉलमवर 12 टनच आले आणि फूटिंग मात्र त्याच मापाचं ठेवलं, तर ते 50 मिलिमीटर खचेल. दोघांत 33 मिलिमीटरचा फरक पडला. त्याच मानकाप्रमाणे चार मीटर अंतराला मुभा आहे फक्त 6 मिलिमीटरची! सगळ्या कॉलमना एकाच मापाची फूटिंग देण्याची सवय मऊ मातीवर इतकी महाग पडते.

याला किती वेळ लागेल? पाण्याला किती लांब चालावं लागतं, त्यावर ते ठरतं. आणि अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो. वर मुरूम आणि खाली भेगाळलेला खडक असेल, तर पाणी दोन्हीकडून निघतं, सर्वांत लांबची वाट तीन मीटरची. अशा वेळी मरीन क्लेत नव्वद टक्के खचणं व्हायला साधारण साडेसात वर्षं लागतात. खालचा खडक अखंड असेल, तर पाण्याला वरच यावं लागतं आणि तोच आकडा तीस वर्षांवर जातो. प्रत्यक्षात लहान फूटिंगखालून पाणी बाजूंनाही निसटतं, मधे वाळूचे पातळ पापुद्रे असतात, म्हणून वेग बहुधा हिशोबापेक्षा जास्त असतो. पण तो महिन्यांत मोजण्याइतका क्वचितच होतो.

म्हणूनच मऊ मातीवर फक्त प्लेट लोड टेस्टवर विसंबणं धोक्याचं आहे. तीस सेंटिमीटरची प्लेट जेमतेम तिच्या दुप्पट खोलीपर्यंतची माती चाचपते आणि चाचणी एक-दोन दिवसांत संपते. तिला दिसतं ते तात्काळ खचणं. खालचा सहा मीटरचा थर आणि पुढची साडेसात वर्षं तिच्या आवाक्याबाहेर राहतात.

आणखी एक गोष्ट घरमालकाच्या लक्षात येत नाही, ती भरावाची. प्लॉट सखल म्हणून बांधण्याआधी दीड मीटर मुरूम टाकला, तर दर चौरस मीटरला सुमारे 2.7 टन दाब वाढतो. आकडा फूटिंगच्या दाबाच्या निम्माच, पण भराव सगळ्या प्लॉटवर असल्याने हा दाब खोलीबरोबर कमी होत नाही. सहाच्या सहा मीटर त्याच्याखाली येतात आणि खचणं होतं तब्बल 162 मिलिमीटर. घरापेक्षा भराव जास्त खचवतो. तो टाकून वर्षभर थांबलं, तरी त्याचा मोठा वाटा शिल्लकच असतो. मोठ्या प्रकल्पांत मातीत उभ्या पट्टीसारख्या निचरा-वाती खुपसून पाण्याची वाट अर्ध्या-पाऊण मीटरवर आणतात, वर तात्पुरता भराव रचतात आणि वर्षांचं काम महिन्यांवर आणतात.

लहान घराला तो खर्च नेहमी परवडत नाही. मग फूटिंग मोठं करावं. वरच्याच उदाहरणात तीन बाय तीन मीटर केलं, तर एकूण खचणं 83 वरून 53 मिलिमीटरवर येतं. मात्र कॉलम जवळजवळ असतील, तर शेजारच्या फूटिंगचे दाब खाली एकमेकांत मिसळतात आणि हा फायदा आटतो. तिथे राफ्ट किंवा खडकापर्यंत पाइल यांचाच विचार करावा लागतो.

खाडीकाठी घर बांधणाऱ्याने माती-तपासणीचा अहवाल हातात आला, की फक्त ‘सेफ बेअरिंग कपॅसिटी’चा आकडा पाहून थांबू नये. मऊ थराची जाडी, न विस्कटलेल्या नमुन्यावर केलेली कन्सॉलिडेशन चाचणी, दोन्ही प्रकारच्या खचण्याचे मिलिमीटर आणि त्याला लागणारी वर्षं एवढं त्यात आहे का, ते बघावं. नसेल तर पहिला खड्डा खणण्याआधी ते मागून घ्यावं.