मशीनमध्ये १२० गोण्या, गोदामात १०४. मग १६ गेल्या कुठे?

जालना जिल्ह्यातल्या कृषी सेवा केंद्रात अनुदानित खत घेताना शेतकरी सहसा ई-पॉस मशीनवर अंगठा लावतो. विक्री नोंदली की मशीनमधला साठा कमी होतो. तपासणीत हाच आकडा गोदामातल्या गोण्यांशी जुळवला जातो.

समजा, एका कंपनीच्या युरियाच्या मशीनमध्ये १२० गोण्या दिसतात, पण मोजल्यावर १०४ भरतात. मोजणी होईपर्यंत विक्री थांबवायची आणि साठा शेवटचा जुळला त्या तारखेपासूनचं बिलबुक काढायचं. सर्व्हर बंद असताना कच्च्या बिलावर दिलेल्या १४ गोण्या तिथे सापडतात. मुळात अशी विक्री नियमात बसतच नाही. त्या १४ गोण्या घरच्याच कुणाच्या आधारवर टाकून आकडा जुळवायचा मोह होतो, पण मग जास्त खत घेणाऱ्यांच्या यादीत तेच नाव वर येतं आणि चौकशी लागते.

राहिल्या २. शेजारच्या थप्पीत दुसऱ्या कंपनीचा युरिया नोंदीपेक्षा बरोबर २ गोण्या जास्त निघाला. म्हणजे गोणी एकीची दिली, नोंद दुसरीची झाली. मशीन कंपनीनुसार साठा धरतं, म्हणून मोजणीही थप्पी-थप्पीने, कंपनी बघूनच करावी लागते.